पाचशे तीनची कॉइल

दयारामभाऊ भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकर होते. हुद्दा प्रयोगशाळा परिचर, पगार बेताचा, शिक्षण चौथी पास. पायात टायरच्या चपला, डोक्यावर पांढरी टोपी आणि खाकी शर्टाच्या खिशात कायम एक छोटा पेचकस. उंद्रीहून रोज सायकलवर यायचे. कॉलेजाचं नाव मी सांगणार नाही, कारण पुढे जे येणार आहे ते वाचून त्या कॉलेजातले लोक माझ्या घरी येतील आणि मला भांडणाची सवय असली तरी आता वय राहिलेलं नाही.

मी तिथे बी.एस्सी.ला होतो. साल सदुसष्ट. आम्हा पोरांना वाटायचं, दयारामभाऊंना काय कळतं? काचा पुसायच्या, बॅटऱ्या भरायच्या, घंटा झाली की खोली झाडायची. आम्ही किती गाढव होतो हे कळायला मला बराच वेळ लागला, आणि तो किती लागला हे शेवटी सांगणारच आहे.

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. कोणी घालून दिली देव जाणे, पण सगळे ती मनोभावे पाळत. प्रयोगाची वही वसतिगृहात एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे जायची. आकडे तेच, आलेख तोच, फक्त नाव बदलायचं. प्रयोगाच्या दिवशी सहा जण टेबलाभोवती बसायचे. एक जण बटण फिरवायचा, दुसरा "हललं रे, हललं!" म्हणायचा आणि उरलेले चौघे मांडीवरच्या जुन्या वहीतून उतरवून घ्यायचे. विभागप्रमुख नारायणराव सर लाल शाईने खाली सही ठोकायचे. सरांची सही फार देखणी होती. सहीखाली काय आहे ते मात्र सर कधी वाचत नसत.

या सगळ्या प्रयोगांत सर्वांत लाडका प्रयोग म्हणजे अनुनादाचा. एक कॉइल, एक कंडेन्सर आणि एक रेझिस्टन्सची पेटी, तिन्ही एका ओळीत जोडायची. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडायची. ती सेकंदाला किती वेळा उलटते पालटते, ती तिची वारंवारता. हल्ली हर्ट्झ म्हणतात, तेव्हा आम्ही सायकल म्हणायचो. वारंवारता हळूहळू वाढवत न्यायची आणि कोणत्या ठिकाणी करंट सगळ्यात जास्त होतो ते पाहायचं, तोच अनुनाद. कॉइलवर चिठ्ठी होती ०.१ हेन्री, कंडेन्सर एक मायक्रोफॅरडचा. सूत्रात घातलं की उत्तर येतं पाचशे तीन. पाचशे तीन सायकलला पस्तीस पूर्णांक सात मिलिअँपिअर. हे आकडे आम्हाला स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्के पाठ होते.

सर फळ्यावर इंपीडन्सचं, म्हणजे एकूण विरोधाचं, सूत्र लिहायचे, वर्गमूळ काढायचे आणि निघून जायचे. समजावून सांगायचे ते दयारामभाऊ, तेही फडकं हातात घेऊन.

"पाहा बे पोट्टेहो," ते म्हणायचे. "हे कॉइल आन् हे कंडेन्सर म्हणजे एका घरच्या दोन जावा. सायकल वाढली का कॉइलचा विरोध वाढते आन् कंडेन्सरचा कमी होते. एक इकडं ओढते, दुसरी तिकडं. कंडेन्सर जोरात असली तं करंट व्होल्टेजच्या पुढं पळते. कॉइल जोरात असली तं मागं राह्यते. तो पुढंमागंचा कोन म्हणजे तुमचा फेज अँगल. आन् दोघीचा जोर बराबर झाला का दोघीचं भांडण एकमेकीतच मिटते, कोन शून्य."

"मंग करंटले अडवते कोण?" कोणी विचारायचं.

"सासू! रेझिस्टन्स! तिचा विरोध सायकलनं वाढत बी नाई आन् कमी बी होत नाई."

आम्ही हसायचो आणि पाचशे तीन लिहायचो.

आता एक गोष्ट. ती मला नंतर कळली, पण तुम्हाला आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढची गंमत वाया जाईल. त्रेसष्ट साली कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. दयारामभाऊंना वाटलं, गावातून बायाबापड्या येतील, त्यांना काहीतरी नवल दाखवावं. कॉइलमधून वीज सोडली की ती लोखंडाचा खिळा आत ओढून घेते, हे त्यांना ठाऊक होतं. बॅटरीवर खिळा नुसता सरकायचा. भाऊंना तो उडायला हवा होता. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी, खोलीत कोणी नसताना, त्यांनी कॉइलची दोन टोकं थेट भिंतीतल्या दोनशेतीस व्होल्टला लावली. खिळा उडाला. पाठोपाठ कॉइलमधून धूर निघाला आणि खोलीभर जळक्या वार्निशचा वास पसरला. भाऊ मला हे सांगताना म्हणाले, "रुख्मिणीची शप्पथ, खिळा मात्र लय भारी उडाला." रुख्मिणी म्हणजे त्यांची बायको. तिला या शपथेचा पत्ता नव्हता.

कॉलेजाची वस्तू जाळली म्हणजे नोकरी गेली, कारण भाऊ तेव्हा हंगामी होते. त्यांनी कॉइल पिशवीत घातली आणि इंद्रभानकडे नेली. इंद्रभान विहिरीवरच्या मोटारी भरून द्यायचा, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळायचा. त्याच्याकडे तेवढी बारीक तार नव्हती, थोडी जाड होती. जाड तारेचे वेढे त्या रिळावर कमी बसतात. दोन हजारांच्या जागी सोळाशे सत्तर बसले. इंद्रभानने वर पिवळं कापड गुंडाळलं, भाऊंनी जुनी चिठ्ठी भिजवून काढून परत चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी कॉइल कपाटात जागेवर.

वेढे कमी झाले म्हणजे कॉइल ०.१ हेन्रीची राहिली नाही. भाऊंना हे इतर कोणाहीपेक्षा चांगलं कळत होतं. अनुनाद आता पाचशे तीनला येणारच नव्हता. पहिल्या वर्षी ते प्रत्येक तुकडीच्या वेळी खांब धरून उभे राहायचे. आता कोणीतरी बोलेल, आता सर विचारतील. सहा पोरं बसली. बटण फिरलं. "हललं रे, हललं!" आणि वहीत पाचशे तीन. खाली लाल सही.

दुसऱ्या वर्षी भाऊंची भीती गेली. तिसऱ्या वर्षी त्यांना हसू येऊ लागलं. चौथ्या वर्षी मात्र, त्यांनीच मला, म्हणजे निवृत्तीला, सांगितलं, त्यांना वाईट वाटू लागलं. "कॉइल जळून चार वर्षं झाली बे निवृत्ती. आन् तिच्यासाठी डोळ्यातून पाणी काढणारा सोड, तिले पाहणारा बी एक माणूस निंघाला नाई." दर मार्चला डेड स्टॉकची, म्हणजे कॉलेजाच्या टिकाऊ सामानाची, तपासणी व्हायची. कारकून रजिस्टर घेऊन यायचा, "कॉइल, नग एक" म्हणून खूण करायचा आणि जायचा. नग एक होताच.

सदुसष्टच्या एप्रिलमध्ये दोन गोष्टी एकदम आल्या. एक, आमची प्रात्यक्षिक परीक्षा. दुसरी, दयारामभाऊंना कायम करण्याचा कागद. अकरा वर्षं हंगामी काढल्यावर तो कागद प्राचार्यांच्या टेबलावर पोचला होता आणि त्यावर नारायणराव सरांचा शेरा तेवढा बाकी होता. 'वर्तणूक समाधानकारक' एवढे दोन शब्द. भाऊ त्या आठवड्यात सरांच्या खुर्चीची गादीसुद्धा दिवसातून दोनदा झटकायचे.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक नागपूरहून आले. बुटके, टक्कल पडलेले, शांत गृहस्थ. चिठ्ठ्या उचलायच्या होत्या. मला न्यूटनची कडी, म्हणजे प्रकाशाची वर्तुळं मोजायचा प्रयोग, आला. कोकिळेला आला अनुनाद.

कोकिळा दयारामभाऊंच्याच गावची. वडील पुंजाजी भाजीपाला लावायचे आणि आठवडी बाजारात नेऊन विकायचे. उंद्रीतून विज्ञान शिकणारी ती पहिलीच मुलगी. पुंजाजींनी सांगून ठेवलं होतं, "एका दमात पास झाली तं पुढचं पाहू, नापास झाली तं सोयरीक पाहू." प्रात्यक्षिकात नापास म्हणजे सगळ्यातच नापास, हे सर्वांना माहीत होतं. बरं, वर्षभरात ज्या दिवशी अनुनादाचा प्रयोग झाला त्या दिवशी ती भावाच्या लग्नात होती. तिने वही उतरवून घेतली होती ती माझी. म्हणजे तिच्याही वहीत पाचशे तीन.

फरक एवढाच की इतरांनी परीक्षेतही आधी पाचशे तीन लिहिलं असतं आणि मग बटण फिरवलं असतं. कोकिळेने प्रयोग कधी केलाच नव्हता, त्यामुळे तिला तो कसा चुकवायचा हेही ठाऊक नव्हतं. तिने आधी बटण फिरवलं.

मी शेजारच्या टेबलावर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कडी मोजत होतो, पण कान तिकडेच होते. अर्ध्या तासाने तिचा आवाज आला, दबका.

"दयारामभाऊ, मीटर पाचशे तीनले थांबतच नाही."

भाऊ फडकं घेऊन जवळ गेले. "काय म्हन्ते?"

"पाच व्होल्ट कायम ठेवले. पाचशे तीनले बत्तीस मिलिअँपिअर आले. पण पुढं गेलं का अजून चढते. सहाशेले चाळीस. मंग उतरते. तीनदा पाह्यलं, भाऊ. माह्या वहीत तं पाचशे तीन आहे."

मी डोळा काढून पाहिलं तर त्यांचा चेहरा असा झाला होता की हसावं की रडावं हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. चार वर्षं ज्या माणसाची वाट पाहिली तो आला, तोही नेमका शेऱ्याच्या आठवड्यात.

"तुले काय दिसून राह्यलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"सहाशे एक."

"मंग जे दिसते ते लिही."

तिने लिहिलं. सहाशे एकला पाच व्होल्ट आणि चाळीस मिलिअँपिअर, म्हणजे तिथे इंपीडन्स एकशे पंचवीस ओहम, आणि अनुनाद असल्यामुळे ती सगळीच्या सगळी रेझिस्टन्स. परीक्षेच्या चिठ्ठीत चारशे आणि सातशे सायकलचाही इंपीडन्स आणि कोन काढायला सांगितला होता. चारशेला करंट एकोणीस पूर्णांक सहा, म्हणजे इंपीडन्स दोनशे पंचावन्न. एकशे पंचवीसला दोनशे पंचावन्नने भागून कोनाची कोज्या काढली, कोन आला एकसष्ट अंश, करंट पुढे. सातशेला इंपीडन्स एकशे एकोणपन्नास, कोन तेहेतीस अंश, करंट मागे. सगळं नीट, रेघा मारून.

तेवढ्यात नारायणराव सर फेरी मारायला आले. वाकून पाहिलं आणि भुवया वर.

"हे काय? सहाशे एक? पाचशे तीन यायला हवं."

"सर, मीटर..."

"मीटरचं मला सांगू नका. सूत्र आहे, चिठ्ठी आहे. शून्य पूर्णांक एक हेन्री, एक मायक्रोफॅरड. पुन्हा करा. अर्ध्या तासात पाचशे तीन आलं नाही तर मी काही करू शकणार नाही." एवढं बोलून सर परीक्षकांच्या जेवणाची व्यवस्था बघायला प्राचार्यांकडे गेले.

कोकिळेने खोडरबर हातात घेतलं. मी ते पाहिलं, आणि लाज वाटते पण खरं सांगतो, मला हायसं वाटलं. एकदा तिने पाचशे तीन लिहिलं की माझ्या वहीकडे कोणी बघणार नव्हतं.

दयारामभाऊंनीही ते पाहिलं. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि चहाचा कप घेऊन थेट परीक्षकांपुढे जाऊन उभे राहिले. तोंडावर असा भोळा भाव की बघणाऱ्याला दया यावी. तो भाव मी ओळखत होतो. सायकलच्या दुकानातून उधार पंप आणताना ते तोच भाव चढवायचे.

"साहेब, अडाणी माणूस हाव, माफी असावी. आमचं मीटर खराब झालं का काय, जरा पाहता का? वरून पाच व्होल्ट घालून राह्यलो, आन् कंडेन्सरवर साडेदहा निंघून राह्यले. पाचाचे साडेदहा कसे होतीन?"

परीक्षकांनी कप खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा काहीतरी चमकलं. खरा शिकलेला माणूस अशा वेळी खुर्चीत बसून राहू शकत नाही. ते उठून कोकिळेच्या टेबलाशी आले आणि तिला म्हणाले, "बाई, खोडरबर ठेवा खाली. कंडेन्सरवर किती?"

"दहा पूर्णांक सहा, सर."

"कॉइलवर?"

तिने व्होल्टमीटरच्या तारा हलवल्या. "तेवढेच. दहा पूर्णांक सहा."

"आणि पाचशे तीनला नेलं तर?"

तिने बटण मागे फिरवलं, वरचे पाच व्होल्ट परत जुळवून घेतले. "कंडेन्सरवर दहा. कॉइलवर..." ती थांबली. "कॉइलवर सातच आहेत, सर."

"मग अनुनाद कुठे?"

"जिथं दोन्ही सारखे तिथं. सहाशे एकला." आणि मग तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "सर, सहाशे एकला कॉइलचा विरोध दोनशे पासष्ट ओहम येतो. त्यावरून काढलं तर कॉइल शून्य पूर्णांक शून्य सात हेन्रीची आहे. चिठ्ठी चुकीची आहे."

दारात नारायणराव सर उभे होते. कधी आले कोणाला कळलं नाही.

"चिठ्ठी चुकीची कशी असेल?" सर म्हणाले, आणि आवाजात धार आली. "डेड स्टॉक रजिस्टरात ०.१ आहे. गेल्या वर्षी चाळीस विद्यार्थ्यांनी याच कॉइलवर पाचशे तीन काढलं. या वर्षी जानेवारीत काढलं. म्हणजे आज सकाळपर्यंत कॉइल ठीक होती. साहेब, या मुलीने काहीतरी भलतंच जोडून कॉइल बिघडवली आहे. मला लेखी द्यावं लागेल."

कोकिळा पांढरी पडली. उपकरण बिघडवलं असं लेखी गेलं तर निकालच राखून ठेवला जातो. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं आणि ते मला आजही दिसतं, कारण खरं काय ते सांगू शकणारे आम्ही तिथे नऊजण होतो. आपण पाचशे तीन कधी मोजलंच नाही, एवढंच सांगायचं होतं. नऊच्या नऊ आपापल्या यंत्रात डोकं घालून बसलो.

"तिनं नाई बिघडवली, सर."

दयारामभाऊ होते. भोळा भाव गेला होता. टोपी हातात घेतली होती.

"म्या जाळली. प्रदर्शनाच्या टायमाले लायनीवर लावली, खिळा उडवासाठी. इंद्रभानकडून भरून आणली, तार जाड होती, येढे कमी बसले. त्रेसष्ट सालची गोष्ट आहे. पोरीचा काही दोष नाई."

अकरा वर्षं त्या पाच वाक्यांत गेली. सरांचा चेहरा लाल झाला, ओठ उघडले, आणि 'वर्तणूक समाधानकारक' हे दोन शब्द हवेत विरताना मी प्रत्यक्ष पाहिले.

पण सर बोलण्याआधी परीक्षक बोलले. अगदी हळू, बोटांवर मोजत.

"त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट. चार वर्षं." त्यांनी टक्कलावरून हात फिरवला. "मग या चार वर्षांत पाचशे तीन कोणाला आलं?"

कोपऱ्यात तपासायच्या वह्यांचा ढीग होता. परीक्षकांनी सगळ्यात वरची उचलली. जगात इतक्या वह्या असताना वरची वही माझी असावी, याला मी आजही माफ केलेलं नाही.

"पाचशे तीन पूर्णांक तीन," त्यांनी वाचलं. "दशांशानंतरचा आकडासुद्धा! निवृत्ती कोण?"

मी हात वर केला.

"तुम्ही हे मोजलं?"

"हो सर." मग त्यांनी नुसतं पाहिलं. "नाही सर."

"मीटर सहाशेला वर जाताना दिसलं नाही?"

"दिसलं होतं सर. मला वाटलं मीटरच मूर्ख आहे."

दुसरी वही, तिसरी वही, चौथी. पाचशे तीन पूर्णांक तीन. पाचवी वही कोकिळेची.

"मी पण उतरवलीच आहे, सर," ती आपण होऊन म्हणाली. "लग्नात होते त्या दिवशी."

"वहीचे गुण शून्य," परीक्षक म्हणाले. "प्रयोगाचे पूर्ण." मग त्यांनी प्रत्येक वहीतलं ते पान उघडून एकावर एक रचलं, नारायणराव सरांपुढे सरकवलं आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "सर, आपली सही फार सुंदर आहे. प्रत्येक पानावर अगदी एकसारखी." मग जेवायला गेले.

नारायणराव सरांनी ती पानं एकेक करून उलटली. दयारामभाऊंविरुद्ध कागद करायचा म्हटलं तर तारीख घालावी लागणार होती. तारीख घातली की चार वर्षांच्या सह्या बोलायला लागणार होत्या. सर काही अगदीच दगड नव्हते, हिशेब त्यांना जमत होता. संध्याकाळी प्राचार्यांकडे शेरा गेला, 'वर्तणूक समाधानकारक'. त्याच दिवशी भाऊंना सरांचा तोंडी हुकूम झाला की चिठ्ठी बदला. भाऊंनी आपल्या वाकड्या अक्षरात ०.०७ लिहिलं आणि खळ लावून चिकटवलं.

सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. "बस बे इथं."

"काऊन?"

"बस म्हन्लं ना. फिरव बटण."

मी फिरवलं. मीटरचा काटा चढत गेला, पाचशे तीन ओलांडून पुढे, न थांबता, जणू त्या आकड्याशी त्याची ओळखच नव्हती. सहाशेच्या जवळ हळू झाला, क्षणभर थांबला आणि उतरू लागला. मी मागे नेला, पुन्हा पुढे नेला. प्रत्येक वेळी तिथेच. दोन वर्षं मी ज्याच्यावर सूत्रं लिहीत होतो ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होतो. मला फार आनंद झाला आणि त्याच वेळी फार लाज वाटली. भाऊ खोली झाडत राहिले.

पुढच्या वर्षी त्या कॉलेजात सगळ्यांना सहाशे एक येऊ लागलं. कोकिळेचे परीक्षेतले आकडे वसतिगृहातल्या वहीत पोचले होते, एवढंच त्याचं कारण.

कोकिळा पास झाली, बी.एड. करून जळगाव जामोदला मुलींच्या शाळेत लागली. पुंजाजींनी सोयरीक पाहिली, पण तिच्या पसंतीने. मी एम.एस्सी. करून देऊळगाव राजाला कॉलेजात शिकवायला लागलो. दयारामभाऊ अठ्ठ्याहत्तर साली निवृत्त झाले. निरोप समारंभाला गेलो. शाल-नारळ झाल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं आणि पिशवीतून पिवळ्या कापडाची ती कॉइल काढून हातात दिली. डेड स्टॉकमधून रीतसर बाद करून घेतली होती. चिठ्ठी त्यांच्याच अक्षरात: '०.०७ हेन्री. मोजून घेणे.'

मी ती कपाटात वरच्या खणात ठेवली. वर्गात तिची गोष्ट अनेकदा सांगितली, डोळे पुसत सांगितली. मोजली नाही. भाऊंच्या हातची चिठ्ठी होती, मोजायचं काय?

सहा महिन्यांनी आमच्या प्रयोगशाळेतली कॉइल तुटली, म्हणून मी अभिमानाने भाऊंची काढून दिली. एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला. तासाभराने पोरं वह्या घेऊन आली. सहाशे पन्नास.

"सहाशे एक यायला हवं!" मी ओरडलो. "चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलंय. जा, पुन्हा करा!"

पोरं मुकाट्याने वळली, आणि मला माझाच आवाज ऐकू आला. आवाज हुबेहूब नारायणराव सरांचा होता.

मी पोरांना थांबवलं आणि स्वतः बसलो. काटा सहाशे एक ओलांडून गेला, सहाशे पन्नासला थांबला. गणित केलं. ०.०६ हेन्री.

रविवारी एस.टी.ने उंद्रीला गेलो. दयारामभाऊ अंगणात बाजेवर बसले होते, रुख्मिणीबाई मिरच्यांची देठं काढत होत्या. मी पायरीशी पोचायच्या आत भाऊंनी विचारलं, "किती आली?"

"सहाशे पन्नास."

भाऊ टाळी वाजवून हसले. "सव्वाशे येढे सोडले होते म्या, तुले द्यायच्या आदल्या दिशी! किती दिवसांनी मोजली बे?"

मी खोटं बोलायचा विचार केला. मग सांगितलं, "सहा महिन्यांनी."

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी मला बाजेवर जागा करून दिली, रुख्मिणीबाईंना चहा ठेवायला सांगितलं आणि माझ्याकडे मायेने पाहिलं.

"कोकिळेले अर्धा तास लागला होता," ते म्हणाले.